डिलीट केलेली फाईल परत येते, श्रेड केलेली का येत नाही? : जुना कॉम्प्युटर विकण्याआधी समजून घ्या



आपल्या प्रशिक्षणात दोन प्रश्न वारंवार येतात. वरवर पाहिलं तर ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला असा: "सर, दुकानातला जुना कॉम्प्युटर विकायचाय. त्यात ग्राहकांचे नंबर आहेत, आधारच्या झेरॉक्स स्कॅन केलेल्या आहेत. सगळं डिलीट केलंय, आता देऊन टाकू ना?" आणि दुसरा असा: "सर, चुकून श्रेडरमधून फाईल गेली. एक रिकव्हरीवाला म्हणतोय आणून देतो, पैसे आगाऊ मागतोय. देऊ का?"

पहिल्याला मी सांगतो, थांबा, अजून काहीच गेलेलं नाही. दुसऱ्याला सांगतो, पैसे देऊ नका, ती फाईल गेली. दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीतून निघतात. डिलीट करताना आणि श्रेड करताना कॉम्प्युटर आत नेमकं काय करतो, ही ती गोष्ट. आज तेवढंच शिकायचंय, पण नीट शिकायचंय.

गोदाम आणि गोदामाचं रजिस्टर

हार्ड डिस्क म्हणजे एक मोठं गोदाम आहे असं समजा. आत सारख्या मापाचे कप्पे आहेत. विंडोजमध्ये साधारणपणे एक कप्पा ४ केबीचा, म्हणजे ४,०९६ अक्षरं मावतील एवढा. दाराशी एक रजिस्टर ठेवलेलं असतं. कोणता माल कोणत्या नावाने आला, कोणत्या कप्प्यांत ठेवला, कोणते कप्पे भरलेले आणि कोणते मोकळे, हे सगळं त्यात लिहिलेलं. विंडोजच्या भाषेत या रजिस्टरला मास्टर फाईल टेबल म्हणतात. भरलेल्या-मोकळ्या कप्प्यांचा तक्ता त्याच्या जोडीला वेगळा असतो.

आता एक फाईल घेऊ. समजा तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून तुम्ही ग्राहकांची यादी बाहेर काढली: नाव, मोबाईल नंबर, उधारी. फाईलचं नाव `GRAHAK.CSV`, आकार ४० केबी. म्हणजे तिने गोदामातले दहा कप्पे अडवले.

ही फाईल तुम्ही नुसती Delete केलीत तर ती रिसायकल बिनमध्ये जाते. तिथे तर ती जशीच्या तशी असते, फक्त पत्ता बदललेला. हे बहुतेकांना माहीत आहे. म्हणून हुशार माणूस काय करतो? Shift दाबून Delete करतो, किंवा बिन रिकामी करतो, आणि म्हणतो, संपलं.

पण या वेळी गोदामात काय घडलं ते बघा. रजिस्टरमधल्या त्या फाईलच्या नोंदीवर "ही नोंद आता वापरात नाही" अशी एक खूण झाली. तक्त्यात दहा कप्प्यांपुढे "भरलेला" होतं, तिथे "मोकळा" झालं. बस्स. दहा कप्प्यांतल्या मालाला कोणी हातही लावला नाही. तुमच्या ग्राहकांची नावं, नंबर, उधारी, सगळं जागच्या जागी पडून आहे. गोदामवाल्याने माल फेकला नाही, फक्त रजिस्टरमधल्या ओळीवर काट मारली.

असं का करतात? वेळ वाचवायला. काट मारायला क्षणही लागत नाही. कप्पे रिकामे करायचे म्हटलं तर प्रत्येक कप्प्यापाशी जावं लागेल. आणि गरजही नसते. पुढे नवा माल आला की तो त्याच कप्प्यात ठेवला जाईल आणि जुना आपोआप निघून जाईल, असा हिशोब. नवा माल कधी येईल, त्या दहा कप्प्यांत येईल की दुसऱ्याच, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. उद्या येईल किंवा दोन वर्षं येणार नाही.

इथेच एक साधी कसोटी मिळते, लक्षात ठेवण्यासारखी. तुम्ही कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगची ४० जीबीची फाईल डिलीट करता आणि ती पापणी लवायच्या आत "जाते". साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहिते असं धरा. ४० जीबी जागा खरोखर पुसायची तर त्या वेगाने साडेसहा मिनिटं तरी हवीत. मग एका सेकंदात झालेलं काम पुसण्याचं असूच शकत नाही. ते काट मारण्याचं काम होतं.

स्वतः करून बघा

माझ्या शब्दावर विसंबू नका. जुन्या हार्ड डिस्कच्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग अर्ध्या तासात होतो. सी सोडून दुसरा ड्राइव्ह घ्या, म्हणजे विंडोज मध्येच काहीतरी लिहून घोटाळा करणार नाही. खऱ्या ग्राहकांची यादी वापरू नका. खोटी नावं भरलेली एक फाईल बनवा. पण ती दोन ओळींची नको, चांगली पाच-सातशे ओळींची करा. कारण अगदी चिमुकली फाईल विंडोज कप्प्यात ठेवतच नाही, रजिस्टरच्या नोंदीतच कोंबून टाकतो, आणि मग प्रयोग वेगळा दिसतो.

फाईल Shift आणि Delete ने उडवा. मग रेकुवा नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, पण आधीच दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून ठेवलेलं. त्याला तो ड्राइव्ह तपासायला सांगा. यादीत `GRAHAK.CSV` दिसेल, पुढे State या रकान्यात `Excellent` लिहिलेलं असेल, आणि शेरा असेल `No overwritten clusters detected.` म्हणजे दहाच्या दहा कप्पे शाबूत. ती फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर परत मिळवा, उघडा. शेवटच्या ग्राहकाच्या उधारीपर्यंत सगळं हजर.

रेकुवाने जादू केलेली नाही. काट मारलेली ओळ त्याने वाचली, कप्प्यांचे आकडे घेतले आणि जाऊन माल उचलून आणला. तुमचा जुना कॉम्प्युटर घेणारा कोणीही हेच करू शकतो. त्याला हॅकर असण्याची गरज नाही, दहावीतला मुलगा करेल.

अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी हेच केलं होतं. बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्ड नंबर होते, वैद्यकीय माहिती होती, खासगी ईमेल होते. एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधली असावी असं दिसत होतं. हा अभ्यास २००३ साली छापून आला. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फाईली डिलीट केल्या होत्या, काहींनी फॉरमॅटही मारला होता. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं.

श्रेड करताना वेगळं काय होतं

आता तीच खोटी यादी पुन्हा तयार करा. या वेळी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारं एसडिलीट वापरा. कमांड प्रॉम्प्ट उघडून लिहायचं:

```
sdelete D:\Dukan\GRAHAK.CSV
```

हे सॉफ्टवेअर रजिस्टरकडे सगळ्यात शेवटी जातं. आधी ते दहा कप्प्यांपाशी जातं आणि प्रत्येक कप्प्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, तुमच्या यादीच्या जागी निरर्थक बाइट लिहितं. दहाही कप्पे असे भरून झाले की ते फाईलचं नाव बदलतं. एकदा नाही, सव्वीस वेळा. आधी सगळी अक्षरं A, मग सगळी B, असं करत Z पर्यंत, म्हणजे नावही मागे राहू नये. (फाईलचं नावही बोलतं बरं का. `Kamble_HIV_report.pdf` एवढं नाव दिसलं तरी आतलं काही वाचायची गरज उरत नाही.) हे सगळं झाल्यावरच ती काट मारली जाते.

पुन्हा रेकुवा चालवा. आणि इथे नीट बघा, कारण इथेच लोक फसतात. यादीत कदाचित `ZZZZZZ.ZZZ` नावाची ४० केबीची फाईल दिसेल. तिच्यापुढे `Excellent` सुद्धा लिहिलेलं असू शकेल! घाबरू नका. रेकुवा एवढंच म्हणतोय की काट मारल्यानंतर त्या कप्प्यांत दुसरा कोणता माल आलेला नाही. ते बरोबरच आहे. पण काट मारायच्या आधीच आतला माल बदललेला आहे, हे त्याला माहीत नाही. ती फाईल परत मिळवून नोटपॅडमध्ये उघडा. एकही नाव नाही, एकही नंबर नाही, नुसता कचरा.

म्हणून रिकव्हरीच्या यादीत फाईल दिसणं, तिचा आकार बरोबर असणं, पुढे हिरवा ठिपका असणं, याला अर्थ नाही. उघडून आतला मजकूर वाचता आला तरच फाईल परत आली म्हणायचं.

"पण खाली जुनं राहत असेल ना?"

हा प्रश्न विचारणारा माणूस खरंतर चांगला विचार करतोय. त्याच्या डोळ्यांसमोर कागद आहे. पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं तरी दाब उमटलेला राहतो. पाटी पुसली तरी पांढरट अक्षरं दिसतात. आणि "श्रेड" हा शब्दच कागद फाडण्याच्या मशीनवरून आलाय, त्या पट्ट्या तर चिकाटीने जोडताही येतात. २०११ साली अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने यंत्रात फाडलेले कागद जोडायची स्पर्धाच लावली होती, ५० हजार डॉलरचं बक्षीस ठेवून. एका छोट्या टीमने ती जिंकली.

म्हणून आधी शब्दाचा घोळ सोडवू. फाईल श्रेड करणं म्हणजे तिचे तुकडे करणं नव्हे. तुकडे केले असते तर जोडता आले असते. इथे अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवलं जातं. डिस्कवर प्रत्येक जागा शून्य किंवा एक, एवढंच सांगू शकते. तिथे एक होता, त्यावर शून्य लिहिला, की ती जागा आता शून्य सांगते. "मी आधी एक होते" हे लिहून ठेवायला तिच्याकडे दुसरी जागाच नाही.

तरीही शंका उरते: चुंबकीय डिस्कवर जुन्या खुणेचा पुसटसा अंश राहत असेल तर? ही शंका शास्त्रज्ञांनीही घेतली होती. १९९६ साली पीटर गुटमन यांनी एक निबंध लिहिला आणि त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्कचा विचार करून ३५ वेळा लिहायची पद्धत सुचवली. तेव्हापासून "३५ वेळा पुसायला लागतं" ही गोष्ट सगळीकडे फिरते, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय आजही आहे. गुटमन यांनी स्वतःच नंतर सांगितलं की ३५ ही संख्या सगळ्या जुन्या तंत्रांची बेरीज होती. एकाच डिस्कवर ती सगळी वापरणं निरर्थक आहे. तुमचा वेळ जातो, सुरक्षितता वाढत नाही.

२००८ साली क्रेग राइट आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. एकदाच वर लिहिलेल्या डिस्कवरचा जुना बिट विशेष सूक्ष्मदर्शकाने ओळखता येतो का? रोजच्या वापरातल्या डिस्कवर त्यांचा अंदाज बरोबर येण्याची शक्यता शंभरात साधारण ५६ निघाली. नाणं उडवलं तरी ५० येतात, तेव्हा हे नाण्यापेक्षा जेमतेम बरं.

५६ टक्के ऐकून कोणाला आशा वाटेल, म्हणून हिशोब करून बघू. एका अक्षरात आठ बिट. आठही बरोबर यायचे तर ०.५६ ला आठ वेळा गुणायचं. उत्तर येतं एक टक्क्याहूनही थोडं कमी. म्हणजे एक अक्षर बरोबर ओळखायची शक्यता शंभरात एक. ग्राहकाचा मोबाईल नंबर दहा आकडी, म्हणजे ऐंशी बिट. ते सगळे बरोबर येण्याची शक्यता एकावर वीस शून्यं एवढ्यात एक. वर असं की तुमचा अंदाज बरोबर आलाय हे कळायलाही मार्ग नाही. यादीतल्या एका नंबराची ही कथा, पाचशे नंबरांचं सोडूनच द्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेही आपल्या मार्गदर्शिकेत हार्ड डिस्कसाठी एकदाच नीट लिहिणं साधारणपणे पुरेसं मानलंय.

मग रिकव्हरीवाला काय आणून देणार होता?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. रिकव्हरीचा धंदा खोटा नाही, हे आधी सांगतो. डिलीट झालेल्या फाईली, चुकून झालेला फॉरमॅट, पडून बिघडलेली डिस्क, यातून चांगले कारागीर पुष्कळ काही काढून देतात. पण त्या सगळ्यांत माल कप्प्यात असतो, फक्त वाट बंद झालेली असते. श्रेड झालेल्या फाईलीची वाट सापडते, माल नसतो.

कोणी "श्रेड केलेलीही आणतो" म्हणाला तर त्याला एवढंच सांगा: आधी फाईल उघडून दाखव, मग पैसे. नावांची यादी किंवा स्क्रीनशॉट चालणार नाही. `ZZZZZZ.ZZZ` ची कथा तुम्ही आत्ताच वाचलीत.

कधीकधी मात्र तो खरंच फाईल आणून दाखवतो. मग काय? मग ती दुसरी प्रत असते. श्रेडर फक्त तुम्ही दाखवलेले दहा कप्पे पुसतो. तुम्ही तीच यादी गेल्या महिन्यात एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली होती का? अकाउंटंटला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती का? मग ती त्याच्या फोनमध्ये आहे, तुमच्या डाउनलोड्समध्ये असेल, गूगल ड्राइव्हवर असेल, मेलच्या सेंट खोक्यात असेल. विंडोजने स्वतःहून काढलेल्या रिस्टोअर पॉइंटमध्येही जुनी प्रत असू शकते. म्हणून फाईल चुकून श्रेड झाली तर पैसे आणि वेळ रिकव्हरीवर घालवू नका, प्रती शोधा. बहुतेक वेळा फाईल मिळते ती अशी. आणि उलट, फाईल खरोखर नष्ट करायची असेल तर याच सगळ्या जागा एकेक करून बघाव्या लागतील. मूळ फाईल श्रेड केली आणि व्हॉट्सअॅपवरची तशीच ठेवली, तर दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं आहे.

हे सगळं हार्ड डिस्कचं झालं. एसएसडीचं गणित निराळं

इथे थोडं सावकाश वाचा, कारण आजचे बहुतेक लॅपटॉप एसएसडीचे आहेत, आणि पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाईल हे सगळे त्याच कुळातले.

एसएसडीमधल्या जागा वारंवार लिहून झिजतात. म्हणून तिच्या आत एक कारभारी बसवलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. तुम्ही म्हणता "सातव्या कप्प्यात नवीन लिही", तो म्हणतो "बरं", आणि नवीन मजकूर दुसऱ्याच मोकळ्या कप्प्यात ठेवून त्यालाच सातवा नंबर देतो. जुना सातवा बाजूला पडतो, नंतर कधीतरी साफ व्हायला. श्रेडरला वाटतं आपण पुसलं. प्रत्यक्षात त्याने शेजारी नवी पाटी लिहिली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ साली एसएसडीच्या चिप बाहेर काढून, कारभाऱ्याला बाजूला सारून, थेट वाचल्या. एकेक फाईल श्रेड करणाऱ्या सगळ्या पद्धती नापास झाल्या. फाईलीचा ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग मागे राहिला होता.

गंमत अशी की त्याच एसएसडीवर साधं डिलीट मात्र हार्ड डिस्कपेक्षा जास्त पक्कं असतं. विंडोज ७ पासून पुढे, फाईल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला ट्रिम नावाचा निरोप देतो: हे कप्पे आता नकोत. त्यानंतर रेकुवासारख्या सॉफ्टवेअरला तिथे बहुधा नुसती शून्यंच दिसतात. म्हणजे एसएसडीच्या लॅपटॉपवर चुकून डिलीट झालेली फाईल मिळायची आशा कमी, आणि मुद्दाम श्रेड केलेल्या फाईलीची शंभर टक्के खात्रीही नाही. घरगुती सॉफ्टवेअरला काही मिळणार नाही, पण चिप काढून वाचणाऱ्या प्रयोगशाळेला एखादा तुकडा मिळू शकतो.

मग एसएसडीसाठी काय? मजकूर पुसायच्या मागे न लागता तो पहिल्यापासून कुलपात ठेवायचा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं. ते सुरू केलं की डिस्कवर जे लिहिलं जातं ते सांकेतिक स्वरूपातच, आणि ते उघडायची किल्ली एक छोटासा आकडा. विकायच्या वेळी किल्ली नष्ट केली की डिस्कवरचं सगळं कायमचं कचरा होतं, जुने बाजूला पडलेले कप्पे धरून. वर मी वेळेची कसोटी सांगितली, तिला हा अपवाद: इथे काम क्षणात होतं आणि तरीही खरं असतं. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊनच आलेले फोन आणि सगळे अलीकडचे आयफोन असंच करतात. फॅक्टरी रीसेट मारला की किल्ली जाते. बिटलॉकर सुरू करताना मिळणारी रिकव्हरी की मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती हरवली तर वरचं सगळं गणित तुमच्यावर उलटेल.

विकायला काढलेला दुकानातला कॉम्प्युटर

परत पहिल्या प्रश्नावर येऊ. त्यात जुनी हार्ड डिस्क आहे, आणि तुम्ही वर्षानुवर्षं साधं डिलीट करत आलाय. म्हणजे काट मारलेल्या हजारो फाईली मोकळ्या म्हणवणाऱ्या कप्प्यांत पडून आहेत. एकेक श्रेड करता येणार नाही, कारण आता त्यांची नावंही तुम्हाला दिसत नाहीत.

कॉम्प्युटर तुमच्याकडेच राहणार असेल आणि फक्त जुनं पुसायचं असेल तर विंडोजमध्येच एक आज्ञा आहे:

```
cipher /w:D:\
```

ही चालू फाईलींना हात लावत नाही, मोकळे कप्पे तेवढे भरून काढते. पडद्यावर क्रमाने `Writing 0x00`, `Writing 0xFF` आणि `Writing Random Numbers` असं दिसेल. तीन फेऱ्या असल्यामुळे मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. रात्री दुकान बंद करताना लावा.

कॉम्प्युटर देऊनच टाकायचा असेल तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून संपूर्ण शून्यांनी भरणं सगळ्यात साफ:

```
diskpart
list disk
select disk 1
clean all
```

इथे `1` हा उदाहरणादाखल आहे. `list disk` ने आलेल्या यादीत आकार बघून आपली डिस्क कोणती ते दोनदा तपासा. चुकीचा नंबर दिलात तर भलतीच डिस्क पुसली जाईल, आणि आता तुम्हाला माहीतच आहे की ते परत येत नाही. `all` हा शब्दही विसरू नका. नुसतं `clean` लिहिलंत तर दोन सेकंदांत काम "होतं", कारण तेव्हा फक्त विभागांची नोंद पुसली जाते. `all` लावलं की सेकंदाला १०० एमबीच्या हिशोबाने ५०० जीबीच्या डिस्कला दीड तासाच्या आसपास लागतो. लवकर संपलं तर समजा काहीतरी चुकलंय.

फॉरमॅटचंही तसंच. खिडकीत `Quick Format` पुढे टिक असते. तशी ठेवली तर नवं रजिस्टर बनतं आणि माल तसाच राहतो. टिक काढलीत तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या पूर्ण जागेवर शून्यं लिहितात. डिस्क काढायची नसेल तर सेटिंग्जमधल्या `Reset this PC` मध्ये `Remove everything` निवडल्यावर `Change settings` मध्ये जा आणि `Clean data?` पुढे `Yes` करा. ते आपोआप चालू नसतं.

एक गोष्ट पुसण्याआधीच करा. आपल्या सीएला फोन लावा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि एखादं प्रकरण सुरू असेल तर त्याहूनही जास्त. बिलांचा बॅकअप नव्या कॉम्प्युटरवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या, तिथे उघडून दोन-चार बिलं वाचून बघा, आणि मगच `clean all`.

राहिली बंद पडलेली डिस्क. कॉम्प्युटर तिला ओळखतच नाही, म्हणून लोक ती बिनधास्त भंगारात टाकतात. पण बंद पडलेली असते ती बहुधा मोटार, सर्किट किंवा वाचणारी सुई. आतल्या चकत्यांवरची ग्राहकांची यादी तशीच असते, आणि रिकव्हरीची प्रयोगशाळा ती वाचू शकते. अशा डिस्कपर्यंत तुमची कोणतीही आज्ञा पोहोचणार नाही, म्हणून इथे पुसणं शक्य नाही. चकत्याच निकामी कराव्या लागतात. झाकणाचे बारीक तारेच्या आकाराचे स्क्रू काढा, आतल्या आरशासारख्या चकत्या बाहेर घ्या आणि प्रत्येकीला तीन-चार ठिकाणी ड्रिल मारा. काही डिस्कमध्ये त्या काचेच्या असतात आणि फुटून उडतात, तेव्हा आधी जाड कापडात गुंडाळा आणि चष्मा घाला.